आमची वाटचाल : बडोद्याची गाडी आणि कोकणातील खाड्या

बडोद्यातील दांडिया बाजार आणि रावपुरा या भागांत गायकवाडांच्या काळापासून राहणाऱ्या अनेक मराठी घरांचे कुलदैवत कोकणात आहे. कोणाचे हरिहरेश्वर, कोणाचा गुहागरचा व्याडेश्वर, तर कोणाचा वेळणेश्वर. मुंज, लग्न किंवा नव्या सुनेचे आगमन झाले की या घरांना दर्शनाला जावे लागते, आणि भाड्याने गाड्या देण्याचा आमचा लहानसा व्यवसाय याच गरजेतून उभा राहिला. आरंभी आम्ही केवळ चालकासह गाडी देत होतो. पुढे ग्राहक संपूर्ण प्रवासाची आखणी आमच्याकडेच सोपवू लागले, आणि मग ज्या एका गोष्टीवर या प्रवासाचे वेळापत्रक खऱ्या अर्थाने टिकते किंवा कोलमडते, त्या गोष्टीचा आम्हाला बारकाईने अभ्यास करावा लागला. ती गोष्ट म्हणजे गाडीसह खाडी ओलांडणे.

बडोद्याहून भरूच, सुरत, वापी, मनोर, भिवंडी, पनवेल आणि माणगाव या मार्गाने हरिहरेश्वर सुमारे सहाशे किलोमीटरवर येते. तेथून गुहागरकडे किनाऱ्याने जाताना दोन वेळा पाणी आडवे येते. बागमांडला आणि वेशवी यांच्यामध्ये सावित्रीची खाडी आहे आणि दाभोळ व धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीची. गुहागरनंतर गणपतीपुळ्याकडे जायचे असेल, तर तवसाळ ते जयगड हे शास्त्री नदीच्या मुखावरील तिसरे ओलांडणे. दाभोळची वाहने नेणारी फेरीबोट 2003 मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी दाभोळच्या धक्क्यावर उभे राहून समोरचा किनारा स्पष्ट दिसत असताना गाडी मात्र दापोली, खेड, चिपळूण असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा वळसा घेऊन तेथे न्यावी लागे. आज हेच अंतर बोट पाव तासाच्या आत कापते, परंतु त्या पाव तासाच्या अलीकडे आणि पलीकडे किती वेळ जाईल, हे भरती-ओहोटी आणि रांग या दोन बाबींवर अवलंबून असते.

भरतीचा विचार आधी करावा लागतो. कोकणातील धक्का म्हणजे पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार असतो. सपाट तळाची बोट त्या उताराला तोंड लावते आणि आपला लोखंडी रॅम्प त्यावर टेकवते. भरतीच्या वेळी बोट उताराच्या वरच्या, कोरड्या आणि खरबरीत भागाशी लागते. ओहोटी जशी वाढते, तशी बोट खाली खाली सरकते आणि गाडीला उताराच्या त्या भागावरून जावे लागते, जो एरवी पाण्याखाली असतो आणि ज्यावर शेवाळ धरलेले असते. काँक्रीटवर जेथे हिरवट काळा पट्टा सुरू होतो, तेथून चाकाची पकड भरवशाची राहत नाही. चारचाकी बहुधा निभावून नेते, मोटारसायकल मात्र तेथे ब्रेक दाबताच आडवी होऊ शकते. शिवाय उतार आणि रॅम्प जेथे मिळतात तेथे एक कोन तयार होतो, आणि तो तीव्र असेल तर लांब, बुटकी आणि सामानाने दबलेली सेदान गाडी पोटाला किंवा मागच्या बंपरला घासते.

म्हणून आमच्या कार्यालयात प्रवासाची तारीख ठरली की पहिल्यांदा पंचांग उघडले जाते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे की तिथीला पाऊणने गुणले असता भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा पाऊण सव्वाअकरा. प्रत्यक्षात त्या दिवशी भरती बाराच्या जवळपासही सरकू शकते, म्हणून आम्ही एक तासाची सवलत धरतो. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते. त्या दिवसांत भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल उतरते, आणि सायंकाळी पाच-सहाच्या सुमारास धक्का सर्वाधिक उघडा पडतो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत हा फरक पुष्कळ कमी असतो.

याचे एक उदाहरण सविस्तर देतो. रावपुऱ्यातील एका कुटुंबाला पौर्णिमेच्या सायंकाळी व्याडेश्वराच्या आरतीला गुहागरात पोहोचायचे होते. त्यांच्याजवळ स्वतःची सेदान होती आणि वडीलधाऱ्यांसाठी आमची सात आसनी गाडी. सकाळी हरिहरेश्वरला निवांत दर्शन, दुपारचे जेवण आणि मग प्रस्थान, असा त्यांचा विचार होता. तसे केले असते तर पाचच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या नेमक्या ओहोटीला, भरलेली सेदान दाभोळच्या धक्क्यावर उभी राहिली असती. आम्ही दर्शन पहाटे ठेवले, आठ वाजता हरिहरेश्वर सोडले आणि चढत्या पाण्यात बागमांडल्याहून वेशवीला उतरलो. तेथून केळशी, आंजर्ले आणि दापोली या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याने दाभोळला पोहोचेपर्यंत साडेबारा झाले. पाणी भरलेले होते, रॅम्प जवळजवळ सपाट टेकला होता आणि सेदान कोठेही न घासता चढली. जेवण धोपाव्याच्या पुढे गुहागरात झाले. ज्यांना वेळ बदलणे शक्य नसते त्यांना आम्ही सांगतो की धक्क्यावर सर्वांनी उतरावे, डिकीतील जड सामान बाहेर काढावे, आणि तरीही कोन तीव्र दिसला तर पाणी थोडे चढेपर्यंत थांबावे. एक तासाचा विलंब गाडीच्या पोटाखालील दुरुस्तीपेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.

रांगेचा हिशेब यापेक्षा सोपा आहे. या खाड्यांवर जो आधी येतो त्याची गाडी आधी चढते. त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस, नाताळचा आठवडा आणि मे महिन्यातील शनिवार-रविवार या काळात गाड्यांची रांग धक्क्यावरून गावाच्या अरुंद रस्त्यात शिरते. आमच्या चालकांना आम्ही एवढेच शिकवले आहे की रांगेत गाडी लावल्यावर पुढे पायी जाऊन गाड्या मोजाव्यात आणि त्यात ट्रक किंवा मिनी बस आहे का ते पाहावे, कारण असे एक वाहन तीन-चार मोटारींची जागा घेते. समजा, पुढे तीस मोटारी आहेत आणि बोटीवर साधारण पंधरा मावतात. तर आपण तिसऱ्या फेरीत चढणार. जाणे, उतरवणे, पलीकडच्या गाड्या घेणे आणि परत येणे यात पाऊण तास धरला, तर बोट या काठाला असताना दीड तासाच्या आसपास थांबावे लागेल. गर्दीच्या दिवशी दुसरी बोट सुरू असेल तर हा वेळ बराच खाली येतो. हा अंदाज आला की प्रवाशांना चहाला पाठवायचे की गाडीतच बसवून ठेवायचे हे ठरवता येते. दुचाकीस्वारांना बहुधा फारसे थांबावे लागत नाही, कारण मोटारींच्या मधल्या आणि कडेच्या फटींत त्यांची जागा होते.

गाडी चढवताना खलाशाचा हात हाच एकमेव संकेत मानावा, मागून ओरडणाऱ्या प्रवाशांचा नव्हे. ज्या बोटीला एकाच टोकाला रॅम्प असतो, तिच्यावर गाडी बहुधा उलटी चढवावी लागते, म्हणजे पलीकडे ती सरळ बाहेर काढता येते. बडोद्याच्या सपाट रस्त्यांवर चालवणाऱ्या माणसाला उतारावर उलटे जाणे अवघड वाटते, म्हणून आमच्या नव्या चालकांचा सराव आम्ही शहरातील तळघरातल्या वाहनतळाच्या उतारावर करून घेतो. चालकाखेरीज सर्वांनी आधी उतरून पायी बोटीवर जावे, काचा खाली असाव्यात म्हणजे खलाशाचा आवाज ऐकू येतो, आणि रॅम्पच्या मध्यावर गाडी थांबवू नये. चढवत असताना बोटीचे इंजिन चालूच असते, कारण त्याच्या जोरावर बोट धक्क्याला टेकून राहते. जड वाहन कोठे लावायचे हे खलाशी बोटीचा तोल पाहून ठरवतो, त्याबाबत वाद घालू नये. जागेवर आल्यावर हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, इंजिन बंद करावे आणि चोरीचा गजर बंद ठेवावा, अन्यथा बोटीच्या कंपनाने तो सारा वेळ वाजत राहतो. मोटारसायकल साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये लावावी आणि स्वाराने तिच्याजवळच उभे राहावे.

पैशांच्या बाबतीत आमची पद्धत हळूहळू बदलत गेली. गाडीचे भाडे तिच्या प्रकारावर आणि आसनसंख्येवर ठरते, म्हणजे पाच आसनी मोटारीपेक्षा सात आसनीला अधिक पडते, आणि प्रवाशांचे तिकीट वेगळे असते. कोठे तिकीट धक्क्यावरच्या खिडकीवर मिळते, तर कोठे बोटीवरच फाडले जाते. खाडीच्या तोंडाशी मोबाइलचे नेटवर्क कधी असते, कधी नसते, म्हणून चालकाकडे सुटे पैसे असलेच पाहिजेत. पूर्वी आम्ही हा खर्च एकूण दरात अंदाजाने धरत असू. दर बदलत राहतात आणि ऐनवेळी प्रवासी वाढतात, म्हणून आता हा खर्च दरपत्रकात वेगळा दाखवून, पावत्या जोडून, जितका झाला तितकाच घेतो.

मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकांसह निघणाऱ्या काही कुटुंबांना आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सुचवतो. ती मार्च 2020 मध्ये सुरू झाली, सुमारे तासाभरात पोहोचवते आणि तिचे आरक्षण आधी करता येते. बडोद्यातील ग्राहक हजिरा ते घोघा या नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या बोटीविषयीही वारंवार विचारतात. सुरतेहून भावनगरला जाणाऱ्यासाठी ती उत्तम आहे, कारण 370 किलोमीटरचा रस्ता समुद्रमार्गे 90 किलोमीटरवर येतो. बडोद्याहून मात्र प्रथम दक्षिणेला हजिऱ्यापर्यंत उतरावे लागत असल्याने भावनगरला सरळ रस्त्यानेच जावे, असा सल्ला आम्ही देतो, जरी त्यात आमचे एक आरक्षण कमी होत असले तरी.

यंदा कोकणातून परतणारी प्रत्येक गाडी बडोद्यात आल्याबरोबर खालून गोड्या पाण्याने धुण्याचा नियम आम्ही केला आहे. रॅम्पवरून येताना चाकांच्या आतल्या बाजूला आणि ब्रेकजवळ खारे पाणी राहते, आणि गंज तेथूनच सुरू होतो.