आम्ही तर घरातच नव्हतो

डोंबिवलीत तीन सोसायट्यांचं व्यवस्थापन मी बघतो. हिशेब, लिफ्ट, पाण्याचा टँकर हे रोजचंच. पण खरा घाम काढते ती गळती. वरच्या घरचं पाणी खालच्या घरी उतरलं की माणसं पाण्यावर बोलत नाहीत, एकमेकांच्या संस्कारांवर बोलायला लागतात.

सप्टेंबरमधली गोष्ट. २०३ मधल्या ताईंनी मला बोलावून एक पत्र हातात दिलं आणि म्हणाल्या, "एवढं सोसायटीचा शिक्का मारून ३०३ ला द्या." ताई शाळेत शिकवतात. अक्षर मोत्यासारखं, मजकूर मात्र निखाऱ्यासारखा. 'तुमच्या निष्काळजीपणामुळे', 'आठ दिवसांत दुरुस्ती न केल्यास', 'कायदेशीर कारवाई'. एकच ओळ कामाची होती, ती सगळ्यात शेवटी: पॅसेजच्या छताला डाग पडला असून पाणी ठिबकते.

आधी डाग बघितला. बाथरूमच्या दाराबाहेर, ट्यूबलाइटच्या पॉइंटपासून वीतभर अंतरावर, परातीएवढा. मधे ओला, कडेला तपकिरी रेघ, रंगाचे पोपडे सुटलेले आणि त्याखाली पांढरा लोणा. खाली बादली. पहिलं काम केलं ते त्या पॉइंटचा एमसीबी पाडायचं, कारण पाण्याला छतातून उतरायला वायरिंगचा पाइप फार आवडतो. मग पेन्सिलीने डागाच्या कडेकडेने रेघ मारली आणि तारीख टाकली. डाग वाढतोय का, यावर नंतर वाद होतात. पेन्सिलीशी कोणी वाद घालत नाही.

ताईंनी एक फार चांगली गोष्ट करून ठेवली होती. १ सप्टेंबरपासून रोज सकाळी ७ ला आणि रात्री ११ ला, घड्याळ लावून मिनिटाला किती थेंब पडतात ते वहीत लिहिलं होतं. बारा, तेरा, चौदा. अठरा दिवस तेच आकडे.

"ताई, तुमच्या पत्रापेक्षा ही वही भारी आहे," मी म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही.

माझी अडचण वेगळी होती. गळती वरच्यांच्याच पाइपची आहे, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं, मला नव्हतं. पॅसेज घराच्या मधोमध, बाहेरची भिंत लांब, वर आणखी एक मजला. म्हणजे पाऊस आणि गच्ची दोन्ही बाद. पण बाथरूमला लागून डक्ट आहे आणि त्यातले उभे पाइप सगळ्या मजल्यांचे सामाईक. त्यातला सांधा सुटला असेल तर खर्च सोसायटीचा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तसंच आहे, आणि संडास, सिंक वगैरेंच्या आतल्या गळतीचा खर्च ज्याच्या घरातली त्याने, सोसायटीच्या मध्यस्थीने करायचा. आत की बाहेर हे ठरल्याशिवाय 'तुमच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिणं म्हणजे निकाल आधी लावून साक्षीदाराला मागाहून बोलावणं. आणि तो साक्षीदार दार उघडणार नाही. वरचे काका सत्तरीचे, तिखट. वर्षभरापूर्वी कोणीतरी असंच एक पत्र त्यांच्या दाराला चिकटवलं होतं, ते त्यांनी फाडून जिन्यात टाकलं होतं.

तासभर बसून आम्ही दोघांनी पत्र नव्याने लिहिलं. ताई प्रत्येक वाक्याला 'एवढं नमतं का घ्यायचं?' म्हणत होत्या. शेवटी झालं ते असं:

"आदरणीय काका-काकू, सादर नमस्कार.

आमच्या पॅसेजच्या छताला, बाथरूमच्या दाराजवळ, साधारण दीड फुटाचा ओला डाग पडला आहे. १ सप्टेंबरपासून १८ तारखेपर्यंत मी नोंद ठेवली आहे. सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळी मिनिटाला १२ ते १४ थेंब पडतात. शेजारी लाइटचा पॉइंट असल्याने तो बंद ठेवला आहे.

पाणी कुठून येते हे मला माहीत नाही. ते डक्टमधल्या सामाईक पाइपचे असू शकते, आपल्या बाथरूमच्या एखाद्या लाइनचे असू शकते किंवा आणखी कशाचे. म्हणून आपण दोघांनी मिळून एकदा पाहावे अशी विनंती आहे. रविवार, २२ सप्टेंबर, सकाळी साडेदहाला जमेल का? आधी आपण दोघे आमच्याकडे चहाला या आणि डाग स्वतः बघा. मग आपल्याकडे जाऊ. सोबत मॅनेजर आणि प्लंबर असतील. तास-दीड तास लागेल, पाणी थोडा वेळ बंद करावे लागेल. त्या दिवशी फरशी-टाइल काहीही फोडले जाणार नाही. प्लंबरच्या तपासणीचे पैसे निम्मे-निम्मे करू. कारण सापडल्यावर पुढचा खर्च नियमाप्रमाणे ज्याचा त्याने. ही वेळ सोयीची नसेल तर आपण सांगाल ती.

आपली, २०३."

'फोडले जाणार नाही' ही ओळ माझी. वरच्या माणसाला भीती गळतीची नसते, घणाची असते. पाहुणे म्हणून आलेले लोक जाताना बाथरूम उकरून जातील, ही. आणि 'आधी तुम्ही खाली या' हे ताईंना सगळ्यात खटकलेलं वाक्य, पण त्यावर मी अडून बसलो. ज्याने ती बादली पाहिलेली नाही, त्याला आपल्या बाथरूममध्ये चार माणसं कशाला हवीत?

पत्र मी स्वतः गुरुवारी संध्याकाळी वर नेऊन दिलं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग बोट एका ओळीवर ठेवलं.

"१ ते १८? अहो, ५ तारखेला आम्ही गणपतीला गावी गेलो, १३ ला रात्री आलो. घराला कुलूप होतं. आम्ही तर घरातच नव्हतो! मग नऊ दिवस अंघोळ केली कोणी?"

त्यांच्या दृष्टीने खटला संपला होता. मला मात्र तिथेच जिन्यात उभ्याउभ्या पहिल्यांदा काहीतरी दिसायला लागलं.

तोपर्यंत माझा संशय न्हाणीच्या जाळीवर, म्हणजे नहाणी ट्रॅपच्या सांध्यावर होता. जुन्या इमारतींत दहातल्या बऱ्याच गळत्या तिथल्याच. पण सांडपाण्याच्या पाइपात पाणी असतं ते कोणी वापरलं तरच. बाथरूमचा स्लॅब बाजूच्या स्लॅबपेक्षा खाली सोडून त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो, तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो, हे खरं. त्यामुळे वापर थांबला म्हणून थेंब लगेच थांबत नाहीत. पण नऊ दिवसांत ते कमी तरी व्हायला हवेत. ताईंच्या वहीत ६ तारखेला तेरा होते आणि १३ ला सकाळीही तेरा.

"काका, गावी जाताना बाथरूमचा मेन कॉक बंद केला होता का?"

"कॉक कशाला बंद करायचा? नळ बंद होते सगळे."

नळ बंद, कॉक चालू. म्हणजे भिंतीतल्या पाइपात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चोवीस तास दाबाने उभं. कुलूपबंद घरातही जो गळत राहतो तो पाइप सांडपाण्याचा नव्हे, पुरवठ्याचा. काकांनी स्वतःच्या बचावात जे सांगितलं, तोच सगळ्यात मोठा पुरावा होता. मी ते तेव्हा बोललो नाही. म्हणालो, "काका, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. रविवारी प्लंबरला हेच सांगू." ते खूश झाले आणि येतो म्हणाले.

रविवारी काकू आधी उतरल्या, हातात गावचे लाडू. काका मागून. बादलीपाशी उभं राहून त्यांनी घड्याळ काढलं आणि स्वतः थेंब मोजले. "चौदा," एवढंच म्हणाले.

वर गेल्यावर प्लंबरने नीळ कालवायला घेतली होती. रंगीत पाणी जाळीत ओतून खाली रंग उतरतो का बघायचं, ही त्याची नेहमीची रीत. मी थांबवलं. कोब्यातून रंग खाली यायला दिवस लागतात, कधीकधी येतच नाही, आणि मग 'रंग आला नाही म्हणजे गळती नाही' असा उलटा अर्थ निघतो. आधी दाबाची परीक्षा करू म्हटलं.

ती अशी. मेन कॉक बंद केला. भिंतीतला मिक्सर काढून गार आणि गरम दोन्ही तोंडांना प्लग लावले, कारण मिक्सर जागेवर असला तर दोन्ही लाइनी आतून एकमेकींना मिळू शकतात आणि कोणती गळते ते कळत नाही. गिझरच्या दोन्ही नळ्या सोडवल्या. मग दाबाचा काटा असलेला हातपंप जोडून एकेक लाइन तपासली. काकांच्या घरचे पाइप जुने, लोखंडी जीआयचे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. तिसऱ्या मजल्यावर टाकीचा दाब तेवढाही येत नाही. म्हणून प्लंबरला ३ किलोच्या वर जाऊ दिलं नाही. गंजलेल्या पाइपाला जास्त दाबलं तर नसलेली गळती आपणच तयार करतो.

गार लाइन: ३ किलो. पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही. काका माझ्याकडे बघून हसले.

गरम लाइन: ३ किलो. काटा आमच्या डोळ्यांसमोर सरकायला लागला. पाच मिनिटांत दोनच्या खाली. प्लंबरने मिक्सरखालच्या टाइलला कान लावला आणि काकांना खुणेने बोलावलं. काकांनी कान लावला. भिंतीच्या आत कोणीतरी दातातून हवा सोडावी तसा बारीक आवाज येत होता. काका बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि ताईंना म्हणाले, "बाई, हे आमचंच आहे."

ताई म्हणाल्या, "असू दे काका, चहा गार होतोय." अठरा दिवस थेंब मोजणारी बाई ती हीच का, असं मला क्षणभर वाटलं.

कागदावर मी चार ओळी लिहिल्या: गार लाइन ठीक, गरम लाइनचा दाब उतरला, डक्ट कोरडी, आकडे आणि वेळ. दोघांच्या सह्या घेतल्या. डक्टमध्ये बॅटरी मारून आधीच पाहिलं होतं. ते लिहिणं गरजेचं, नाहीतर पुढच्या मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास विचारतं.

त्या दिवशी फोडलं काहीच नाही. गिझरचा कॉक बंद केला आणि प्लग तसेच ठेवले, म्हणजे गरम लाइनला पाणीच नाही. काकू गॅसवर पाणी तापवायला लागल्या. आठवड्याभरात काकांनी जुनी गरम लाइन कायमची बंद करून सीपीव्हीसी प्लास्टिकची नवी लाइन टाइलच्या बाहेरून नेली. दिसायला तेवढी बरी नाही, पण भिंत शाबूत राहिली आणि उद्या गळलीच तर डोळ्यांना दिसेल. खर्च त्यांचा. खालचं प्लास्टर आणि रंग करून देतो असंही ते आपणहून म्हणाले, पण छत पूर्ण सुकेपर्यंत रंगाला हात लावू नका, असं मी दोघांनाही बजावलं. ओल्या छतावरचा रंग महिन्यात फुगून येतो आणि नवीन गळती झाल्याची बोंब होते.

थेंब मात्र लगेच थांबले नाहीत. कोब्यात मुरलेलं पाणी उतरत होतं. सोमवारी अकरा, गुरुवारी सहा, पुढच्या रविवारी दोन. काका रोज रात्री ११ ला खाली इंटरकॉम करायचे, "आज किती?" आणि ताई वहीत बघून सांगायच्या. अकराव्या दिवशी, बुधवारी, फोन उलट्या दिशेने गेला. ताईंनीच वर लावला.

"काका, पूर्ण पाच मिनिटं उभी होते. एकही नाही."