कॉर्टिसॉलचा रिपोर्ट न बघता

"कॉर्टिसॉलचा रिपोर्ट न बघता तुम्ही हायड्रोकॉर्टिसोन कसं सुरू करता? आणि तेही इन्फेक्शन अंगभर पसरलेलं असताना?"

सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे इन्फेक्शनमुळे बीपी कोसळलेल्या रुग्णाला, मी हे स्टेरॉइड देते म्हणून हा प्रश्न येतो. कॉर्टिसॉल हे अॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन, हायड्रोकॉर्टिसोन हे त्याचंच औषधी रूप. एके काळी मीही रिपोर्ट बघायचे. 2002 साली फ्रान्समधल्या अनान यांच्या गटाचा अभ्यास आला आणि सगळं स्वच्छ दिसायला लागलं. अॅड्रिनलला चालना देणारं एसीटीएच 250 मायक्रोग्रॅम शिरेतून द्यायचं, तासाभरात कॉर्टिसॉल पुन्हा मोजायचं. ते दर डेसिलिटरला 9 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चढलं, तर अॅड्रिनलमध्ये अजून जोर आहे. नाही चढलं, तर ग्रंथी आधीच शर्थ करून बसली आहे, आणि अशा रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोनचा फायदा होतो. तेव्हाच्या मला आज मी नावं ठेवणार नाही. हाताशी जो पुरावा होता, त्याप्रमाणे ते बरोबरच होतं.

2008 साली कॉर्टिकस हा अभ्यास आला आणि त्या चाचणीचा आधारच गेला. चाचणीत कॉर्टिसॉल चढलेले रुग्ण आणि न चढलेले रुग्ण, दोघांचाही शॉक स्टेरॉइडने लवकर हटला. मृत्यू मात्र दोन्हीकडे कमी झाले नाहीत. औषध कुणाला द्यायचं हे सांगण्यासाठी जी चाचणी होती, तिला नेमकं तेच सांगता येत नव्हतं.

का, ते समजून घ्या, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेलं असतं, काम करतं ते मोकळं कॉर्टिसॉल. सेप्सिसमध्ये अल्ब्युमिन आणि कॉर्टिसॉल वाहणारं ग्लोब्युलिन, दोन्ही घसरतात. मग एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळा भाग पुरेसा असू शकतो. उलटंही होतं. गंभीर आजारात कॉर्टिसॉलचं विघटन मंदावतं, त्यामुळे ग्रंथी फारसं नवीन बनवत नसतानाही रक्तात ते भरपूर दिसतं. आणि तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. पेशीच्या आतल्या कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरची संख्या आणि संवेदनशीलता घटते. रक्तात कॉर्टिसॉल आहे, पण पेशीला त्याचा उपयोग होत नाही. ही कमतरता मोजणारी तपासणी आपल्या लॅबमध्ये नाही. हिला 'सापेक्ष' कमतरता म्हणतात ते याच अर्थाने: या आजाराला जेवढं लागतं, तेवढं पेशीपर्यंत पोचत नाही.

एक रुग्ण सांगते. साठीच्या बाई, वजन 60 किलो. खड्याने मूत्रवाहिनी बंद झालेली, वर किडनीत पू. स्टेंट घालून तो मोकळा केला होता, अँटिबायोटिक वेळेत गेलं होतं, सलाइनही पुरेसं झालं होतं. तरी बीपी धरून ठेवणारं नॉरअॅड्रेनालिन वाढत वाढत दर किलोला मिनिटाला 0.4 मायक्रोग्रॅमवर, म्हणजे मिनिटाला 24 मायक्रोग्रॅमवर पोचलं. सोबत त्याच कामाचं व्हॅसोप्रेसिन सुरू. सरासरी बीपी 60 च्या आसपास अडकलेलं, लॅक्टेट 5. इको करून पाहिला, हृदय बरं आकुंचन पावत होतं. हिमोग्लोबिन उतरलं नव्हतं, म्हणजे आत रक्तस्राव नाही. सोनोग्राफीत किडनीभोवती नवा पू नाही. हे सगळं आधी बघावंच लागतं. नाहीतर न काढलेल्या पूवर आपण स्टेरॉइड चढवत बसतो.

सकाळीच कुणीतरी कॉर्टिसॉल पाठवलं होतं. रिपोर्ट आला 41. माझे सहकारी म्हणाले, "एवढं कॉर्टिसॉल आहे, मग कमतरता कुठाय? स्टेरॉइड नको." कागदावर त्यांचं बरोबर होतं. पण त्या 41 चा बाईंच्या रक्तवाहिन्यांवर काही परिणाम दिसत नव्हता. सूज आणणाऱ्या रसायनांमुळे वाहिन्यांच्या भिंतीत नायट्रिक ऑक्साइड बेसुमार तयार होतं आणि त्या सैल पडतात. नॉरअॅड्रेनालिन ज्या अल्फा रिसेप्टरवर काम करतं, ते कमी होतात. हायड्रोकॉर्टिसोन ही दोन्ही टोकं सांभाळतं: नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम दबतं आणि रिसेप्टर पुन्हा प्रतिसाद द्यायला लागतात. म्हणून माझ्या लेखी नॉरअॅड्रेनालिनचा चढता डोस हीच चाचणी होती. मी 50 मिलिग्रॅम दर सहा तासांनी सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नॉरअॅड्रेनालिन 0.1 वर आलं. साखर 260 वर गेली, इन्सुलिनची धार लावावी लागली. तिसऱ्या दिवशी बीपीची दोन्ही औषधं बंद झाली. स्टेरॉइडनेच झालं का? एका रुग्णावरून ते सिद्ध होत नाही. स्टेंट घातल्यावर काही जण नुसत्या वेळेनेही सुधारतात.

आठवडा उलटला आणि व्हेंटिलेटरवर असतानाच त्यांना न्युमोनिया झाला. त्यातून त्या वाचल्या नाहीत. मुलाने मला बाहेर गाठून विचारलं, "मॅडम, ते स्टेरॉइड दिलं नसतं, तर आईला न्युमोनिया झाला असता का?" मी म्हटलं, "सांगता येणार नाही. स्टेरॉइडचा वाटा नव्हताच, असं मी म्हणणार नाही." सहकाऱ्यांनी नंतर मला ऐकवलं की असं बोलायची गरज नव्हती. होती. कॉर्टिकसमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांत नवी इन्फेक्शन जास्त दिसली होती. 2018 च्या अॅड्रिनल या खूप मोठ्या अभ्यासात रक्तात नवे जंतू किंवा बुरशी सापडण्याचं प्रमाण वाढलं नाही. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, मग त्याला फक्त दुसरी कशी सांगू?

पण "इन्फेक्शनमध्ये स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल" हे मला मान्य नाही. ती भीती जुन्या डोसमधून आली आहे. 1987 साली छापून आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत मिथाइलप्रेडनिसोलोन किलोला 30 मिलिग्रॅम दिलं होतं आणि फायदा झाला नाही. साठ किलोच्या माणसाला तो एकच डोस 1,800 मिलिग्रॅमचा, म्हणजे सुमारे 9,000 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या ताकदीचा. आम्ही दिवसभरात 200 देतो. प्रतिकारशक्ती दडपणं हा हेतूच नाही. वाहिन्यांना औषधाला प्रतिसाद देता यावा, एवढंच हवं असतं. म्हणूनच सेप्सिस आहे पण शॉक नाही, अशा रुग्णाला मी केवळ सेप्सिससाठी ते देत नाही. नॉरअॅड्रेनालिन 0.25 किंवा त्याहून जास्त लागतंय आणि चार तास झाले तरी उतरत नाही, तेव्हाच. 2021 च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिसच्या शिफारशीही साधारण तिथेच येतात.

कॉर्टिसॉल मी कधीच तपासत नाही असंही नाही. आधी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेऊन अचानक बंद केलेला रुग्ण, किंवा सोडियम खाली, पोटॅशियम वर, साखर पुन्हा पुन्हा घसरते, असं दिसलं की मी नमुना काढून ठेवते. ती खरी कमतरता असू शकते. नमुना लॅबमध्ये जातो, डोस मात्र लगेच जातो.

आता ज्याचं उत्तर माझ्याकडेही नाही, ते. जीव वाचतात का? अॅड्रिनल अभ्यासात 90 दिवसांचे मृत्यू स्टेरॉइड घेतलेल्यांत 27.9 टक्के, न घेतलेल्यांत 28.8, म्हणजे जवळपास तेवढेच. शॉक मात्र एक दिवस आधी हटला. त्याच वर्षीच्या फ्रेंच अभ्यासात मृत्यू 49.1 वरून 43.0 टक्क्यांवर आले, पण तिथले रुग्ण जास्त आजारी होते आणि सोबत शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या फ्लुड्रोकॉर्टिसोनची 50 मायक्रोग्रॅमची गोळी रोज नळीतून होती. फरक गोळीचा की रुग्णांचा, यावर माझं मत आजवर दोनदा बदललं आहे. एवढ्या हायड्रोकॉर्टिसोनमध्येच मिठाच्या हार्मोनचं काम पुरेसं होतं, असा माझा जुना युक्तिवाद होता. तो अजून मला पटतो. तरी सगळ्यांत जास्त डोसवरच्या रुग्णांना, पोट चालू असेल तर, मी आता ती गोळी देते. शॉकमध्ये आतड्यातून ती कितपत शोषली जाते, हा आक्षेप तुम्ही घ्याल. तो मीही घेते.