‘आठ’ की ‘साठ’

ऑगस्टमधील त्या दिवशी नाल्याला पूर आल्यामुळे पलीकडच्या गावांतील विद्यार्थी आमच्या कृषी विद्यालयात पोहोचू शकले नाहीत आणि नेमका त्याच दिवशी कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा तास झाला. त्यांच्यासाठी टिपणे लिहून काढायला शेवटच्या बाकावरून मोबाइलवर केलेले ५२ मिनिटांचे रेकॉर्डिंग माझ्याकडे आले. वर्गावर टिनाचे छत असल्याने सरांच्या आवाजावर पाऊस आणि पंख्याची घरघर दोन्ही चढलेली होती.

मूळ फाइल तशीच ठेवून मी तिची प्रत ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. सर फळ्यावर लिहीत असताना वर्ग दोन सेकंद शांत होता. तेवढा तुकडा निवडून `Get Noise Profile` दिले आणि मग पूर्ण फाइलवर १२ डेसिबलची `Noise Reduction` चालवली. घरघर जवळजवळ गेली, बोलणे स्पष्ट झाले आणि मी समाधानाने लिहीत गेलो, ते ‘पेरणीनंतर आठ दिवसांनी निंबोळी अर्क फवारावा’ या वाक्यापर्यंत. आठ दिवसांच्या पऱ्हाटीला धड पानेही फुटलेली नसतात, मग ही फवारणी कशासाठी?

मूळ फाइल सावकाश वेगाने ऐकल्यावर तिथे पुसटसा ‘साठ’ लागला. ‘स’ हा उच्चार म्हणजे मुख्यतः वरच्या पट्टीतला फुसकारा, आणि टिनावरचा पाऊसही तसाच. त्यामुळे पाऊस काढताना सॉफ्टवेअरने ‘स’सुद्धा खरवडून काढला होता. प्रमाण ६ डेसिबलवर आणल्यावर पाऊस थोडा परतला, पण ‘स’ही परतला.

खरी काळजी त्यानंतर सुरू झाली, कारण आता टिपणांतील प्रत्येक ‘आठ’ संशयित ठरला. असे आणखी तीन निघाले. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा कामगंध सापळ्यांविषयीचा होता: सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात रोज आठ पतंग सापडले, तर उपाय करावा. इथे साफ केलेल्या फाइलमध्ये ‘आठ’ होता, मूळ फाइलमध्ये मात्र त्याच क्षणी पावसाची सर आलेली असल्याने ‘साठ’चाही भास होत होता, आणि आवाज चित्ररूपात दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोग्राममध्ये ४,००० हर्ट्झच्या वरचा पट्टा पावसानेच भरून गेल्यामुळे ‘स’ आहे की नाही, हे डोळ्यांनाही ठरवता येईना. आर्थिक नुकसानीची पातळी आठ पतंगांची आहे, हे मला ठाऊक होते; तरीही सर वर्गात काय बोलले, हे माझ्या माहितीवरून लिहिणे मला योग्य वाटले नाही. साठ पतंगांची वाट पाहणाऱ्याच्या शेतात बोंडे केव्हाच पोखरली गेलेली असतील. म्हणून मी चौकटी कंसात लिहिले: [२३:४१, आठ/साठ? सरांकडून खात्री करावी].

अशा सहा खुणा वेळेसह घेऊन दुसऱ्या दिवशी सरांना भेटलो. ते म्हणाले, “फवारणी साठ दिवसांनी, पतंग आठ. हे आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहा.” पाचव्या खुणेपर्यंत उत्तरे मिळाली. सहावी एका वाणाच्या नावाची होती. दार आपटल्याने ते पूर्ण बुडाले होते आणि सरांनाही नक्की आठवेना. टिपणांत तिथे ‘३७:०५, वाणाचे नाव ऐकू येत नाही’ एवढेच ठेवून मी ती विद्यार्थ्यांना पाठवली.