‘अस्वल’ सापडलं! (सात खंड, पाच महासागर : चौथा खर्डा)

खंड-महासागरांची नावं पोरांच्या तोंडी बसावीत म्हणून मी एक गाणं जुळवतोय. त्याच्या मागच्या खर्ड्यात मी ‘अंटार्क्टिका’ आणि ‘आर्क्टिक’ दोन्ही ओळींच्या शेवटी ठेवले होते. यमक झकास जुळलं होतं, त्याचाच फटका बसला. शेजारची चौथीतली पोरगी सगळं बिनचूक म्हणून गेली आणि मग विचारते, “काका, आर्क्टिक खंडावर कोण राहते?” सारखा आवाज, सारखी जागा, म्हणून तिने दोन्ही नावांची अदलाबदल करून टाकली होती. क्रमाने म्हणताना ही चूक कळतच नाही. मधूनच विचारलं की उघडी पडते.

सीताबर्डीहून आणलेल्या तक्त्याचीही मदत नाही. त्यात महासागर चारच आहेत, दक्षिण महासागर गायब.

मग शब्दाचं मूळच पाहिलं. ग्रीक ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल, आपल्या ‘ऋक्ष’चा भाऊबंद. आकाशातल्या ज्या अस्वलात आपले सप्तर्षी आहेत, त्यावरून उत्तरेला हे नाव पडलं. अंटार्क्टिका म्हणजे त्याच्या विरुद्ध टोक. पांढरी अस्वलं फक्त उत्तरेला आणि अंटार्क्टिकावर पेंग्विन. हे दोन पाहुणे ओळींतच बसवले:

आशिया हा, ही आफ्रिका,
ही उत्तर अमेरिका,
ही दक्षिण अमेरिका,
पेंग्विनची अंटार्क्टिका,
युरोप नि ऑस्ट्रेलिया,
सात खंड मोजून घ्या!

थोरला तो पॅसिफिक,
मागोमाग अटलांटिक,
हिंदी मग दक्षिण नि
अस्वलांचा तो आर्क्टिक!

दोन्ही याद्या आकाराने मोठ्याकडून लहानाकडे जातात. चार खंडांची नावं ‘का’नेच संपतात, हे इतके दिवस नजरेत कसं आलं नाही कोण जाणे! आधी मी ‘दोन अमेरिका’ लिहून एक ओळ वाचवली होती, तेव्हा पोरं सहाच खंड मोजायची. ‘ही, ही’ म्हणताना नकाशावर बोट फिरतं, हा वरचा फायदा.

दर चार अक्षरांवर टाळी. ‘अटलांटिक’ कागदावर पाच अक्षरी असल्याने ती ओळ नऊ अक्षरांची होते, पण तोंडात ‘अट्‌लांटिक’ येतं आणि टाळी चुकत नाही. अष्टाक्षरीचे कडक मंडळी नाक मुरडतील. मुरडू द्या.

काल पुन्हा मधूनच विचारलं, “अस्वल कुठं?” ती म्हणाली, “आर्क्टिक, पाण्यात!” बर्फ तरंगतो तो समुद्रावरच, म्हणजे उत्तर बरोबर. ‘युरोप’ मात्र अजून गळतो. नुसतं नाव आहे, ना प्राणी ना यमक. तिथे एखादा हिसका हवा.

हे लिहितानाच सुचलं: तक्ता बाजूला ठेवून संत्रं घ्यावं. देठाकडे अस्वल, बुडाशी पेंग्विन, दोन्ही पेनने काढायचे. उद्या बाजारातून डझनभर आणतो. फोडी मोजता मोजता संपणार, हे धरूनच.