दुरुस्त होऊन आलेला फोन आणि दोन जॉबशीट

फोनचा चार्जिंग पोर्ट सैल झाला होता. केबल ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग व्हायचं. वॉरंटी संपली होती, म्हणून नाशिकमधल्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेले आणि १,८५० रुपये भरून पोर्टची पट्टी बदलून घेतली. तिसऱ्या दिवशी फोन मिळाला. काउंटरवर चार्जिंग लावून दाखवलं, एक कॉल करून दाखवला, मी सही केली.

घरी येऊन कव्हर चढवताना खालच्या कडेवर बोट खरखरलं. उजेडात धरला तर चार्जिंगच्या भोकाशेजारी फ्रेमवर नखभर लांब खोल ओरखडा, आणि मागच्या काचेच्या कडेला बारीक रेघा. फोन उघडताना मागची काच गरम करून पातळ पट्टीने उचकटतात, ती पट्टी घसरली की अशाच जागी खुणा उमटतात. खिशात किंवा पर्समध्ये पडलेले ओरखडे असे एकाच कडेला ओळीने येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलार्म वाजलाच नाही. तेव्हा कळलं की खालचा स्पीकर मुका आहे. कॉल कानाजवळच्या वेगळ्या स्पीकरमधून ऐकू येतो, म्हणून काउंटरवरच्या कॉलमध्ये काहीच समजलं नव्हतं. ब्लूटूथवर गाणी नीट वाजत होती, म्हणजे सेटिंगचा घोटाळा नव्हता. माझ्या फोनमध्ये स्पीकरचा डबा चार्जिंगच्या पट्टीवरच बसतो आणि लहान स्प्रिंगसारख्या पिनांनी तिला टेकतो. पट्टी बदलताना पिन वाकली किंवा डबा नीट बसला नाही, तर आवाज जातो.

त्याच दिवशी परत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ओरखडे आधीचेच आहेत, जॉबशीटवर लिहिलंय." खरंच लिहिलं होतं: 'मायनर स्क्रॅचेस'. दुरुस्तीसाठी फोन जमा करून घेताना प्रत्येकाच्या शीटवर ते हेच टाकतात आणि मी न वाचता सही केली होती. स्पीकरबद्दल त्याचं म्हणणं, पाणी गेलं असेल, नवीन स्पीकरचे पैसे पडतील.

सुदैवाने फोन देण्याच्या आदल्या रात्री धाकट्या भावाने त्याच्या फोनवर माझ्या फोनचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून मला पाठवले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांची तारीख आणि वेळ दिसत होती, आणि खालची कड त्यात स्वच्छ होती. मग मी म्हटलं, "अहो, पाणी गेलं असेल तर पाण्याचा स्टिकर लाल झाला असेल. माझ्यासमोर दाखवा." सिमचा ट्रे काढून टॉर्च मारला. स्टिकर पांढराच होता. शिवाय पहिल्या शीटवर तक्रार फक्त 'चार्जिंग होत नाही' एवढीच होती.

तरीही तोंडी बोलण्यावर काही हलणार नाही, हे दिसत होतं. म्हणून मी नवीन जॉबशीट करायला लावली आणि तक्रारीच्या रकान्यात माझ्या शब्दांत लिहून घेतलं: 'मागील दुरुस्तीनंतर स्पीकर बंद, खालच्या कडेवर नवे ओरखडे', सोबत पहिल्या शीटचा क्रमांक. हा क्रमांक नसता तर ती नव्या बिघाडाची नोंद ठरली असती आणि पैसे भरावे लागले असते. पैसे भरायला मी नकार दिला.

घरी येऊन कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला. दोन्ही शीट, पावती, आधीचे आणि नंतरचे फोटो जोडले, मागणी एका ओळीत लिहिली: स्पीकर विनाशुल्क, काच आणि फ्रेम बदलून. चार दिवस फक्त यंत्राने धाडलेलं उत्तर आलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतच तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि उत्तर मागते. तिथून मिळालेला डॉकेट क्रमांक त्याच ईमेलच्या धाग्यात टाकला, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी आहे, जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, असंही लिहिलं. माझ्यासारख्या छोट्या रकमेच्या दाव्याला तिथे शुल्क नसतं.

दोन दिवसांनी कंपनीचा फोन आला. यावेळी बोलणारे आधी दोन्ही शीट वाचून बसले होते. स्पीकर बदलला, मागची काचही नवी बसवली, पैसे घेतले नाहीत. फ्रेम मात्र सुटी मिळत नाही, असं सांगितलं. तिच्यासाठी मी पुढे लढले नाही. तो ओरखडा आजही बोटाला लागतो आणि त्याचा मला राग येतो. घेताना काउंटरवरच रिंगटोन, अलार्म, व्हिडिओ वाजवून पाहिले आणि शीटवर स्वतः लिहिलं, 'फ्रेमवरील ओरखडा कायम', मग सही केली.