आमची वाटचाल : चॉकी केंद्र आणि अळीच्या अंगातली दोन संप्रेरके

जालना जिल्ह्यातील आमचे चॉकी केंद्र म्हणजे रेशीम कीटकांची पाळणाघरे. अंडीपुंज आणून अंडी उबवायची, बाहेर आलेल्या अळ्यांना कोवळा तुतीपाला चिरून घालायचा, दोन वेळा कात टाकून झाली की त्या शेतकऱ्यांच्या संगोपनगृहात पोहोचवायच्या, एवढेच आमचे काम. २०१८ साली जालन्यात कोष बाजारपेठ सुरू झाली आणि कर्नाटकातल्या रामनगरची वारी टळली, तेव्हापासून या भागात तुतीची लागवड वाढली आणि आमच्याकडे मागणीही वाढली. या काळात आम्ही जे शिकलो, त्यात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट खोलीच्या तापमानाची नव्हती. अळीच्या अंगातल्या दोन द्रव्यांची होती.

पहिले द्रव्य एकडायसोन. ते अळीच्या छातीच्या पहिल्या वलयातल्या ग्रंथींतून पाझरते आणि अंगात रूपांतरित होऊन कात टाकण्याचा हुकूम देते. १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी सुमारे ५०० किलो रेशीमकोशितांमधून त्याचे जेमतेम २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले, यावरून ते शरीरात किती अल्प असते याची कल्पना यावी. दुसरे द्रव्य बालसंप्रेरक, जे मेंदूमागच्या दोन इवल्या ग्रंथी तयार करतात. कात कधी टाकायची हे एकडायसोन सांगते. कात टाकल्यावर काय व्हायचे हे त्या वेळी अंगात असलेले बालसंप्रेरक ठरवते. ते भरपूर असेल तर अळीची पुन्हा अळीच होते. म्हणूनच आमच्या ट्रेमधल्या अळ्या डोके वर करून, पाला सोडून स्तब्ध बसतात आणि डोक्यामागे गडद त्रिकोणी ठिपका दिसू लागतो, तेव्हा पुढे काय बाहेर पडणार याबद्दल आम्ही निर्धास्त असतो. त्या वेळी चुना भुरभुरायचा, पाला बंद ठेवायचा आणि बहुतेक अळ्या उठल्याशिवाय पुन्हा घालायचा नाही, इतकेच.

खरी कलाटणी मिळते ती पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत. तिच्या सुरुवातीच्या काही दिवसांत बालसंप्रेरकाची पातळी जवळजवळ शून्यावर येते आणि ती आल्यानंतरच मेंदू एकडायसोनला मोकळीक देतो. आधीची लहानशी लाट आली की अळी खाणे थांबवते, पोट रिकामे करते, अंग पारदर्शक पिवळसर होते आणि ती चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठी ठेवलेल्या चटईवर, चढून कोष विणू लागते. नंतरची मोठी लाट तिला कोषातच कोशित बनवते. कोशितात मग बालसंप्रेरक नसतानाच पुन्हा एकडायसोन चढते आणि पतंग घडतो. अंडी, अळी, कोशित, पतंग असे हे पूर्ण रूपांतरण झाले.

कपाशीवरचा लाल ढेकूण याच्या उलट वाटेने जातो. त्याचे पिल्लू पहिल्या दिवसापासून ढेकणासारखेच दिसते, कात टाकत टाकत मोठे होते, मधल्या अवस्थांपासून त्याच्या पाठीवर पंखांच्या टोप्या दिसू लागतात आणि शेवटची कात टाकली की थेट पंखवाला प्रौढ बाहेर येतो. कोशित नाही, म्हणून रूपांतरण अपूर्ण. संप्रेरके मात्र तीच दोन. शेवटच्या पिल्लावस्थेत बालसंप्रेरक ओसरले की प्रौढ होतो, ओसरले नाही तर आणखी एक थोराड पिल्लू होते. १९६० च्या दशकात प्रागहून हार्वर्डला गेलेल्या कीटकशास्त्रज्ञ स्लामा यांच्या ढेकणांचे हेच झाले. लाल ढेकणाच्याच कुळातले ते किडे प्रौढ होईनात, मग शोध घेता कारण सापडले ते डब्यांत घातलेल्या अमेरिकी कागदात : त्या कागदाच्या लाकडात बालसंप्रेरकासारखे वागणारे द्रव्य होते. त्याचा प्रभाव त्या कुळापुरताच राहिला, हे विशेष. कपाशीवर पांढऱ्या माशीसाठी फवारले जाणारे पायरीप्रॉक्सीफेन मात्र असा भेद करत नाही. तेही बालसंप्रेरकाची नक्कल करते, पांढऱ्या माशीची अंडी व पिल्ले वाया घालवते, आणि रेशीम अळीलाही तितकेच लागू पडते.

हे आम्हाला एका तक्रारीमुळे नीट उमगले. अंबड तालुक्यातील एका शेतकरी दादांनी कळवले की पाचव्या अवस्थेचे सात-आठ दिवस उलटून गेले तरी अळ्या विणत नाहीत, तेव्हा दोष चॉकीचाच असणार. त्याच बॅचच्या अळ्या ज्यांनी नेल्या होत्या त्या इतरांकडे अळ्या तोवर चंद्रिकेवर चढून विणू लागल्या होत्या. आम्ही संगोपनगृहात गेलो तेव्हा अळ्या मरगळलेल्या नव्हत्या, उलट टवटवीत, जाडजूड आणि खादाड होत्या. ग्रासरी हा रोग असता तर वलये फुगली असती आणि पाय टोचल्यावर दुधाळ द्रव आला असता. फ्लॅचरी हा दुसरा रोग असता तर अळ्या मऊ पडून काळवंडल्या असत्या, दुर्गंधी सुटली असती. येथे पायातून निघालेला थेंब स्वच्छ होता. मग रॅक रॅक बघताना ध्यानात आले की एका बाजूच्या अळ्यांनी कोष विणले आहेत. त्यांना विहिरीकडच्या तुकड्यातला पाला पडत होता, आणि न विणणाऱ्यांना बांधाकडचा, जिथे पलीकडे शेजाऱ्याची कपाशी होती आणि पांढऱ्या माशीवर नुकतीच फवारणी झाली होती.

दादांचा प्रश्न रास्त होता : विष पोटात गेले तर अळी मरत का नाही? ते तिला मारत नाही, मोठे होऊ देत नाही, हेच त्याचे उत्तर. पाचव्या अवस्थेच्या आरंभी जी पातळी शून्याला यायला हवी ती बाहेरून भरली जात राहते, एकडायसोनची लाट अडून राहते आणि अळी खातच राहते. चॉकीच्या वयात अंगात हे द्रव्य मुळातच मुबलक असल्याने तेव्हाच्या थोड्याशा भेसळीने इतका बिघाड होत नाही. उलट अळी एकदा पिकून, म्हणजे विणायला तयार होऊन, चढू लागली की उशीर झालेला असतो, मग त्या द्रव्याचा विणण्यावर फारसा परिणाम होत नाही. इटलीच्या उत्तर भागात गेल्या शतकाच्या अखेरीस फळबागांतल्या फेनॉक्सीकार्बने रेशीम उद्योगाची हीच दशा केली होती.

त्या रॅकवर आम्ही एकडायसोनसदृश वनस्पतिजन्य द्रावण वापरून पाहण्याचा सल्ला दिला नाही, यावर काहींनी आम्हाला टोकले. ते द्रावण कामाचे आहेच : काही अळ्या पिकू लागल्या की पाल्यावर फवारून दिल्याने मागे राहिलेल्या अळ्याही जवळपास एकाच वेळी चढतात आणि मजुरी वाचते. पण ते पिकण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या अळीसाठी आहे. फार लवकर दिले तर कोष हलके पडतात, आणि बालसंप्रेरकाने अडवलेल्या अळीकडून त्याच्या जोरावर चांगला कोष मिळेल असे आम्ही कोणाला सांगू शकत नाही. बालसंप्रेरकाचा अतिसूक्ष्म डोस देऊन खाण्याचा काळ दिवसभराने वाढवायचा आणि कोष जड करायचा, हाही एक मार्ग आहे. चांगला पाला मुबलक नसेल तर त्यात तोटाच होतो, म्हणून आम्ही तो दुष्काळी पट्ट्यात सुचवत नाही.

आता चॉकी देताना आम्ही शेतकऱ्याला विचारतो की तुतीच्या बांधापलीकडे कोणते पीक आहे आणि त्यावर शेवटची फवारणी कशाची झाली. शंका असेल तर आमच्याकडे आधीच्या बॅचमधल्या थोड्या अळ्या शेवटच्या अवस्थेपर्यंत राखलेल्या असतात. त्यांतल्या निम्म्यांना संशयित पाला आणि निम्म्यांना आमचा पाला अवस्थेच्या पहिल्या दिवसापासून घालतो. आमच्या पाल्यावरच्या अळ्या विणून मोकळ्या झाल्या आणि दुसऱ्या खातच राहिल्या, तर त्या बांधालगतच्या ओळी त्या बॅचसाठी बाद. हे कळायला आठवडाभर जातो, म्हणून पाल्याची फांदी चॉकी उचलण्याच्या आधीच आणून द्यावी लागते, आणि ती आमच्या शेडच्या पलीकडे, वेगळ्या खोलीत ठेवली जाते.