लाल टोपणाची सुई

गिरणा धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप संध्याकाळी आला आणि ग्रामसेवकांनी मारुतीच्या मंदिरातल्या भोंग्यावरून खालची आळी रिकामी करायला सांगितलं. मी गावची आशा. अशा वेळी माझ्या हातात गरोदर बाया आणि शुगर-बीपीच्या पेशंटची यादी असते. मुक्काम टेकाडावरच्या जिल्हा परिषद शाळेत.

यादीत पहिली वेणूआजी (नाव बदललं आहे), कारण ती दोन वेळा इन्सुलिन घेते. तिच्या घरी आणीबाणीची पिशवी पावसाळ्याआधीच भरून दाराशेजारच्या खुंटीला टांगलेली होती. सुनेने ती खांद्याला लावली, शेजारणीच्या फ्रीजमधून इन्सुलिनची बाटली मागून घेतली आणि दहा मिनिटांत सगळे निघाले. इतक्या लवकर बाकी कोणाचं घर रिकामं झालं नाही.

शाळेत पिशवी उघडली. आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि सातबारा झिपच्या पिशवीत कोरडे. सगळ्याच्या झेरॉक्सही होत्या. पंचनाम्याच्या वेळी तलाठी आधी आधार आणि पासबुकच मागतो, म्हणून हे दोन सगळ्यात वर. झेरॉक्स ओली झाली तरी अक्षरं राहतात, घरच्या शाईच्या प्रिंटरवर काढलेली प्रत मात्र पाणी लागताच पसरते, हे सुनेला माहीत होतं.

आजी तेवढ्यात म्हणाली, "मन्या गोया कोठे शेतस?" गोळ्या होत्या, पण पट्ट्या कात्रीने कापून डबीत भरलेल्या. नाव आणि मुदत छापलेला तुकडा घरीच राहिलेला. बीपीची कोणती, हे आजी रंगावरून सांगत होती. त्यातल्या दोन पांढऱ्याच.

खरी पंचाईत इन्सुलिनची. बाटली आली, सुया फ्रीजवरच्या डब्यात राहिल्या. शाळेत आलेल्या दुसऱ्या एका घरातून सुई मिळाली, नवीन, पाकीटबंद. सून भरायला बसणार, एवढ्यात माझं लक्ष टोपणाकडे गेलं. केशरी. आजीच्या बाटलीवर ४० लिहिलेलं होतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्या बाटलीला लाल टोपणाची सुई लागते. केशरी सुई १०० युनिटच्या इन्सुलिनची. तिच्यावरच्या २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं तर होतं ०.२ मिलिलिटर, आणि आजीच्या बाटलीतून त्यात येतात फक्त ८ युनिट. उलट झालं असतं, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल सुई, तर २० च्या जागी ५० युनिट अंगात गेले असते. रात्री शुगर उतरून माणूस बेशुद्ध पडायला तेवढं पुरे.

उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावायचा तर माझ्या मोबाईलचा जीव संपत आलेला. वीज मघाच गेली होती. आजीच्या पिशवीत पॉवर बँक होती, दहा हजार एमएएचची. त्यातून फोन साधारण दीड वेळा भरतो, कारण आकड्यातला बराच भाग वाटेतच जातो. चारपैकी दोनच दिवे लागले. उन्हाळाभर पत्र्याखाली टांगल्यावर आणखी काय होणार? सोबतची वायर जुन्या फोनची. माझ्या फोनला बसणारी गुरुजींनी दिली.

अधिकारी म्हणाले, केशरी सुई वापरायची नाही, हिशोब करूनही नाही. लाल आणवा. आणि खिचडी शिजून समोर दिसेपर्यंत इन्सुलिन देऊ नका. हे फार मोलाचं होतं, कारण अशा रात्री जेवण किती वाजता मिळेल याचा नेम नसतो. नातू ट्रॅक्टरवरून वरच्या गावच्या मेडिकलमधून लाल सुया घेऊन आला. तोवर बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवली. बर्फ कोणीतरी देऊ केला, तो घेतला नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

टॉर्चने मात्र दगा दिला नाही. सुनेने सेल बाहेर काढून वेगळ्या पुडीत ठेवले होते. आत राहिलेले सेल पाझरून स्प्रिंग हिरवी पडलेल्या टॉर्च त्या रात्री वर्गात दोन-तीन तरी निघाल्या.

पूर ओसरल्यावर आम्ही तीच पिशवी पुन्हा भरली. गोळ्या अख्ख्या पट्टीत. लाल सुयांचं पाकीट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स एका झिपमध्ये, त्यावर सुनेने पेनने 'फ्रीजमधली बाटली' असं लिहिलं, कारण तेवढीच वस्तू आधी पिशवीत ठेवता येत नाही. पॉवर बँक आतल्या खोलीत, पत्र्यापासून लांब, आणि दर अमावस्येला चार्जिंगला. पाण्यावरून थोडी वादावादी झाली. आजीला पाच लिटरचा कॅन पिशवीतच हवा होता. तो खांद्यावर घेऊन टेकाड चढून दाखव म्हटल्यावर लिटरची बाटली आत गेली, आणि कॅन नातवाच्या नावावर लागला.